टोपल्यातली ज्वारी

माझा प्रबंध परत आला तो माघ महिन्यात, टपालाने, सुतळीने बांधून. वाटलं, पसंत पडला म्हणून सही करून धाडला असेल. सुतळी सोडली आणि डोकंच फिरलं. बाकीच्या प्रकरणांवर पेन्सिलीचा डाग नव्हता. पण आकडेवारीच्या बारा पानांवर लाल पेन्सिलीने इतकं लिहिलं होतं की मूळ मजकूर शोधावा लागत होता. जिथे जिथे मी ‘एकरी उत्पन्न’ असं लिहिलं होतं तिथे तिथे समासात एकच प्रश्न होता. हे कसं मोजलं?

मी तेव्हा जालन्याच्या एका शाळेत मास्तर होतो आणि बाहेरून अर्थशास्त्राचं एम.ए. करत होतो. प्रबंध वैशाख संपायच्या आत मान्य झाला तर एका नव्या कॉलेजात जागा मिळणार होती. नाही झाला तर जागा दुसऱ्याला. हे सगळं ठरलेलं होतं आणि माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. माझे मार्गदर्शक सर शंभर कोसांवर शहरात बसायचे, उभ्या जन्मात त्यांनी कधी ज्वारीचं कणीस मोडलं असेल असं मला वाटत नव्हतं. हा माणूस मला, शेतकऱ्याच्या पोराला, विचारतो की ज्वारी कशी मोजली? म्हटलं, वा रे वा!

पण रागाचं खरं कारण वेगळंच होतं. प्रबंधाचा सगळा डोलारा एका निष्कर्षावर उभा होता. लहान शेतकरी मोठ्या शेतकऱ्यापेक्षा एकरी बरीच जास्त ज्वारी पिकवतो. गेल्या साली तीन गावं फिरून, घराघरात बसून मी तो काढला होता. वडीगोद्री, धावडा आणि बदनापूरपासून कोसभरावरचं आमचं स्वतःचं गाव. आणि तो निष्कर्ष मी उन्हाळ्यातच घरी आबांना वाचून दाखवला होता. आमची जमीन पाच एकर. गावच्या पाटलाची किती, ते पाटलालाही नीट ठाऊक नसावं. पाटील पारावर बसून आबांना म्हणायचा, “पाच एकराला काय शेती म्हणत्यात व्हय? त्याला परडं म्हणत्यात.” आबा ऐकून घ्यायचे. त्या दिवशी मी वाचून दाखवलं तेव्हा आबांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि तडक उठून पारावर गेले. गावभर झालं की पोरानं पुस्तकात लिहिलंय, आमच्या रानाची ज्वारी पाटलापेक्षा सरस.

म्हणजे प्रबंध नापास झाला तर माझी जागा जाणार होतीच, पण आबांची मान गावात खाली जाणार होती. तिथे माझा जीव अडकला होता.

मी चिडून एका बैठकीत उत्तर लिहून टाकलं. ‘उत्पन्न म्हणजे संबंधित वर्षात शेतात पिकलेली एकूण ज्वारी.’ घ्या, झाली व्याख्या. पाकीट टाकलं. आठ दिवसांत सरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक, मायना नाही.

‘जमिनीची व्याख्या तुम्ही उत्तम दिली आहे. तलाठ्याच्या पहाणी पत्रकातला आकडा घेतला, पण पडीक सोडून फक्त ज्वारी पेरलेलं क्षेत्र धरलं, असं स्पष्ट लिहिलं आहे. वाचणाऱ्याला कळतं. उत्पन्नाबाबत मात्र तुम्ही आता जे लिहिलं, ते तुम्हाला काय मोजायचं होतं ते. मी विचारतो आहे, तुम्ही काय मोजलं. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला? कोणाला? उत्तर कुठल्या मापात आलं? आणि आकडा सांगताना त्या माणसाच्या डोळ्यांपुढे ज्वारी कुठे होती, रानात, खळ्यावर की घरात?’

शेवटची ओळ वाचली आणि माझा राग जरा खाली बसला. मी ट्रंकेतून सगळे तक्ते काढले. प्रत्येक तक्त्यावर माझ्याच अक्षरात प्रश्न होता, ‘औंदा ज्वारी किती झाली?’ समोर मणाचा आकडा. ज्वारी कुठे होती, हे कुठेही नव्हतं. विचारताना तो प्रश्न इतका सरळ वाटला होता की त्यात विचारण्यासारखं काही असेल हेच मनात आलं नव्हतं.

मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो ते शेठजी मारवाडी, तीन पिढ्यांपासून जालन्यात धान्याची आडत. त्यांना सहज म्हणालो, “शेठजी, सांगा बघू, एखाद्याला किती ज्वारी झाली म्हणजे काय?” ते हसले. म्हणाले, “मास्तरजी, आमच्या दुकानी एकच पोतं तीन जागी तीन वजनाचं असतंय. आधी इचारायचं, कुठं मोजलं. मंग इचारायचं, किती.” पुन्हा तोच प्रश्न! म्हटलं, आता जायलाच पाहिजे. सुगी तोंडावर होती, दुसरी सुगी वर्षाने येणार होती. हेडमास्तरांच्या हातापाया पडून मी रजा काढली.

पहिल्यांदा वडीगोद्रीला गेलो. तिथला सगळ्यात मोठा जमीनदार मला त्या साली भेटला नव्हता. आकडे त्याच्या कारभाऱ्याने सांगितले होते. तोच कारभारी खळ्यावर उभा होता. मी सरळ विचारलं, “गेल्या साली तुम्ही मला ज्वारीचा आकडा सांगितला, तो कुठला?”

“कुठला म्हंजी? वाड्यात आली त्यो.”

“आणि बलुतं? सुतार, लोहार, कुंभार, त्यांना खळ्यावरून जे दिलं ते?”

“ते त्यांचं झालं की मास्तर. आपलं कसं धरायचं?”

“आणि कापणाऱ्यांचं?”

“त्यांचं तर खळ्यावर येतच न्हाई. सांजच्याला रानातूनच ज्याचं त्याचं टोपलं भरून कणसं घेऊन जात्यात. तुम्ही इचारलं किती झाली. आमच्यात वाड्यात आल्याबिगर झाली म्हणत न्हाईत.”

मी तिथेच बांधावर बसून हिशोब केला. रान कापायला पन्नास-साठ बाया-माणसं, पंधरा दिवस. रोज माणशी एक टोपलं कणसं. ती सगळी ज्वारी त्याच जमिनीत पिकली होती आणि माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती. मोठ्या शेतकऱ्याचा माझा आकडा म्हणजे देणं-घेणं उरकून वाड्यात शिरलेली ज्वारी. त्याला मी छातीठोकपणे ‘एकूण उत्पन्न’ म्हटलं होतं.

तरी मनाला समजावलं. मोठ्यांचे आकडे चुकले, चुकू देत. वाढवून घेऊ. लहान शेतकरी तर स्वतःच्या हाताने कापतो, स्वतः मळतो, त्याचा आकडा पक्काच असणार. निष्कर्ष थोडा लंगडेल, मरणार नाही. असं घोकत घोकत मी धावड्याला पोचलो.

धावड्याला एक बाई होती. नवरा वारलेला, तीन एकर रान, दोन लेकी. तिचं एकरी उत्पन्न माझ्या सगळ्या तक्त्यांत अव्वल होतं. प्रबंधात मी तिच्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता, ‘श्रमांच्या सखोलतेचं उदाहरण’ म्हणून! ती सारवलेल्या अंगणात कणसं बडवत होती. मी विचारलं, “मावशी, गेल्या साली तुम्ही मला जी ज्वारी सांगितली, ती तुमच्या रानातली का?”

तिने हातातलं दांडकं थांबवलं. “अव्वा! समदी कशी रानातली असंल? आमचं रान खडकाळ. निम्मी रानातली, निम्मी सुगीची. म्या अन पोरी महिनाभर लोकाच्या रानात कापणीला गेल्तो.”

“मग तसं सांगितलं का नाही?”

“तुम्ही इचारलं व्हय? तुम्ही म्हणले, किती झाली. घरात जेवढी झाली तेवढी सांगितली. एकाच कणगीत असती, मास्तर. दाण्यावर काय रानाचं नाव लिव्हलेलं असतंय?” आणि ती खो खो हसली. तिच्या पोरीही हसल्या.

मोटारीत बसल्यावर सगळा हिशोब डोक्यात लख्ख झाला. माझा प्रश्न एकच, आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्याचा अर्थही एकच घेतला होता. घरात किती आली. कोणी खोटं बोललं नव्हतं. पण मोठ्याच्या घरात येताना ज्वारी मजुरी वजा होऊन आली होती आणि लहानाच्या घरात मजुरी मिळून आली होती. तेच टोपलं. एका रकान्यातून गळलेलं आणि दुसऱ्या रकान्यात जाऊन बसलेलं. एकीकडची घट आणि दुसरीकडची वाढ मिळून माझा भरघोस निष्कर्ष तयार झाला होता. त्याच्यावर मी जागा मागत होतो आणि माझा बाप पारावर बसला होता.

खोटं कशाला सांगू, एक विचार आला. सरांना काय कळणार आहे? ‘शेतकऱ्याने सांगितलेलं एकूण उत्पन्न’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटला. शब्द खरे, कोणी बोट ठेवू शकणार नाही. बदनापूर येईपर्यंत मी तो विचार चघळला आणि स्टेशनाजवळ उतरलो तेव्हा तो थुंकून टाकला. धावड्याच्या त्या बाईला तिच्या खडकाळ रानाची शाबासकी देऊन तिची महिनाभराची कापणी मी पुसून टाकली होती. लबाडी नाही तर काय? म्हटलं, आता बिलकुल माघार नाही. पण आबांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

आबा गोठ्यात होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, कारण बसलो असतो तर धीर गेला असता. “आबा, मला दिलेल्या आकड्यात पाटलाच्या कापणीची कणसं होती का?”

त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. त्याच्या अंगावरची गवताची काडी तेवढी झटकली. मग म्हणाले, “व्हती की. म्या अन तुझी माय बारा दिवस गेल्तो. काहून?”

मी सगळं सांगितलं. वडीगोद्रीचं, धावड्याचं, एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेल्या टोपल्याचं. सांगताना माझा आवाज चढला, जसा काही त्यांनीच गुन्हा केला होता.

“मंग आपलं रान पाटलाच्या पुढं न्हाई?”

“असलं तरी थोडंसंच. नीट मोजल्याशिवाय सांगता येत नाही.”

“आन म्या समद्या गावाला सांगून बसलो.” ते खाली बघत म्हणाले. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी म्हणालो, “आबा, तुम्ही म्हणाल तर जुनंच ठेवतो.” म्हणालो खरा, पण ते हो म्हणतील की काय अशी भीतीही वाटत होती.

आबा एकदम उखडले. माझा तापटपणा कुठून आला ते तेव्हा कळलं. “जुनं ठेवतो म्हंजी? माप मारतोस व्हय रं? मला येडा समजून राह्यला का? मोज! बराबर मोज!”

मोजायचं कसं, हाच पुढचा घोर होता. खळ्यावरची रास पायलीने मोजतात, मजुरी टोपल्याने देतात. टोपल्यात दाणे नसतात, कणसं असतात. किती टोपली हे लोक सांगत होते, पण एका टोपल्याचे दाणे किती, हे कोणी सांगेना. आबा म्हणाले तीन पायल्या, शेजारचा म्हणाला पाच. तेव्हा चुलीपुढून माय म्हणाली, “गड्यायला काय इचारता? टोपलं डोक्यावर आणती कोण अन बडवती कोण?”

माय कधी बोलायची नाही, पण बोलली की मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी ती पाटलाच्या रानात कापणीला गेली आणि सांजच्याला तिच्या रोजाचं टोपलं घेऊन आली. अंगणात गोणपाट अंथरलं. कणसं बडवली, उफणली. मी तेवढ्यात जालन्याला जाऊन शेठजींची पितळी पायली आणि तराजू आणला होता. मी पायली भरली तर माय ओरडली, “शीग काढ की वरची! खळ्यावर घरची रास सपाट मोजत्यात. बलुतं देताना शीग ठेवत्यात, लोकाला द्यायचं म्हून.” घ्या! म्हणजे बलुत्याची पायली आणि घरची पायली यांतही फरक. मी तेही लिहून घेतलं. शीग ठेवलेली पायली वेगळी तोलली, सपाट वेगळी.

एका टोपल्यावर मी थांबलो नाही. आठ दिवस रोज मायचं टोपलं मोजलं, शेजारणींची मोजली. मग रजा संपल्यावर, सुटीच्या दिवशी वडीगोद्रीला आणि धावड्याला जाऊन तिथलीही मोजली, कारण धावड्याचं टोपलं आमच्यापेक्षा अंगाने लहान होतं. बाया मला हसायच्या. “मास्तर आला, टोपलं झाका गं!” हसू देत. मी प्रत्येक गावाच्या टोपल्याची सरासरी काढली. जुने तक्ते घेऊन घराघरात पुन्हा गेलो आणि एका प्रश्नाचे चार प्रश्न केले. खळ्यावर रास किती पडली? त्यातून कोणाला किती दिली? कापणीत रानातूनच किती टोपली गेली? दुसऱ्याच्या रानातून तुमच्या घरात किती टोपली आली? वर्षापूर्वीचं लोकांना कितपत आठवतं, ही शंका मी झाकली नाही. आठवणीवरून सांगितलेले आकडे आहेत, असं लिहून टाकलं. जिथे नवरा आणि बायको वेगळा आकडा सांगायचे तिथे मी टोपल्यांबाबत बायकोचा धरला, आणि तसा धरला हेही लिहिलं.

प्रबंध इंग्रजीत होता, पण ती व्याख्या मी आधी मराठीत लिहून मायला आणि आबांना वाचून दाखवली. म्हटलं, ज्यांनी आकडे दिले त्यांना कळली नाही तर कोणाला कळणार? ‘उत्पन्न म्हणजे कुटुंबाने स्वतः कसलेल्या, ज्वारी पेरलेल्या जमिनीत पिकलेली ज्वारी. खळ्यावरची रास बलुतं देण्याआधीची धरली आहे. कापणीची मजुरी म्हणून रानातूनच गेलेली कणसं, त्या गावच्या टोपल्याच्या मोजलेल्या सरासरीने दाणे करून, तीत मिळवली आहेत. कुटुंबाने दुसऱ्याच्या रानात कमावलेली ज्वारी तीत धरलेली नाही.’

आबा म्हणाले, “समजलं. पण ती कमावलेली टाकून दिली काय?”

“ती आपल्या रानाची नाही ना, आबा.”

“रानाची नसंल. कष्टाची तर हाय. पाटलाच्या रानात लिव्ह, बराबर हाय. पण कापली कोणी, त्याचाबी एक रकाना काढ.”

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, मी कबूल करतो. मी शेवटी नवा रकाना काढला, ‘कापणीच्या मजुरीत मिळालेली ज्वारी’. लहान शेतकऱ्यांच्या घरात ती केवढी होती हे पाहून माझेच डोळे उघडले. जुना निष्कर्ष मात्र वाळून गेला. लहान रानं पुढे होती, पण इतकी थोडी की त्यावर कोणी पारावर जाऊन बसणार नाही. पहिल्या निष्कर्षाची पानं मी काढून टाकली आणि तो का मोडला हे दोन पानांत लिहिलं. मन घेत नव्हतं. पण लिहिलं.

सरांचं पोस्टकार्ड आलं. नवी पानं वाचून त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं. ‘आता मला कळलं.’ पुढे तोंडी परीक्षेला परीक्षकांनी बाकी काही फारसं विचारलं नाही. टोपल्याच्या तळटिपेवर बोट ठेवून म्हणाले, “हे माप कोणी घेतलं?” मी म्हटलं, “माझ्या आईनं.” त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. वैशाख संपायच्या आत मला जागा मिळाली.

ती बातमी सांगायला गावी गेलो तर आबा घरी नव्हते. पारावर होते. मी लांबूनच पाहिलं, पाटीलही तिथेच, चार माणसं भोवती. मला पाहून पाटलाला चेव आला. “ये मास्तर! तुझा बाप आमच्या पुढं गेल्ता म्हणं पुस्तकात. अजून पुढंच हाय का?”

मी काही बोलणार इतक्यात आबाच उठले. धोतराचा सोगा झटकला आणि शांतपणे म्हणाले, “गेल्तो, पाटील. पोरानं पुन्हा मोजलं. आता तुमच्या बराबरीनं हाय. पण तुमच्या आकड्यात आमच्या हिच्या डोक्यावरची टोपलीबी धरलीत. ती आधी कुणी मोजलीच नव्हती.”

आबा माझ्यासोबत घरी निघाले. वाटेत एकदाच म्हणाले, “जागेचं काय झालं रं?” मी म्हटलं, “मिळाली.” ते म्हणाले, “मंग जल्दी चल. तुझ्या मायला आधी सांग.”